संवेगातला बदल वेगळा, बल वेगळं: बोनेट चेपतं आणि एअरबॅग फुगते तेव्हा नक्की काय कमी होतं?

कुठल्याही क्रॅश टेस्टच्या व्हिडिओखाली बघा, एक कमेंट हमखास असते, "काय हा पत्रा, बोनेटचा पार पापड झाला, आमची जुनी गाडी रणगाडा होती". त्याच्याच खाली कोणीतरी जाणकार लिहितो की अहो ते चेपण्यासाठीच असतं, ते धक्का शोषून घेतं. पहिला तर चुकलाच, पण दुसऱ्याचं वाक्यही तसं अर्धवटच आहे, कारण 'धक्का' म्हणताना तो दोन वेगळ्या गोष्टी एकातच कोंबतोय. एक म्हणजे थांबताना तुमच्या संवेगात (मोमेंटम हो) एकूण किती बदल झाला, आणि दुसरी म्हणजे तो बदल होताना अंगावर बल किती आलं. बोनेट आणि एअरबॅग यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीला हात लावतात. पहिलीला ते काही करू शकत नाहीत.

आकडे घेऊन बघू, नाहीतर हे हवेतच राहील. गाडी ताशी ५४ किमीने चाललीये, म्हणजे सेकंदाला बरोबर १५ मीटर. आत ७० किलोचा माणूस. त्याचा संवेग ७० गुणिले १५, म्हणजे १०५०. गाडी भिंतीवर आदळून थांबली की हा १०५० शून्यावर येणारच, बेल्ट लावलेला असो नसो, एअरबॅग असो नसो, गाडी पाच लाखाची असो की पन्नास लाखाची. अगदी सिग्नल बघून सावकाश ब्रेक मारला असता तरी बदल १०५० चाच झाला असता. त्याला इम्पल्स म्हणा, आवेग म्हणा, हे बिल ठरलेलं आहे.

बल म्हणजे हे बिल किती वेळात चुकतं करायचं त्यावर ठरणारी गोष्ट:

```
सरासरी बल = संवेगातला बदल ÷ लागलेला वेळ
```

सिग्नलला पाच सेकंदात थांबलात तर १०५० भागिले ५, २१० न्यूटन, म्हणजे वीसेक किलोचा भार, अंग जरा पुढे झुकतं, एवढंच. तेच ०.१ सेकंदात थांबलात तर १०,५०० न्यूटन, म्हणजे एक टनाच्या वर. (क्रिकेटचा कॅच हात मागे घेत पकडतात ते उदाहरण नववीपासून सगळ्यांनी ऐकलंय, त्यामुळे ते इथे देत नाही.)

आता प्रश्न असा की अपघातात वेळ वाढवायचा कसा, भिंत काही थांबत नाही आपल्यासाठी. वेळ थेट वाढवताच येत नाही, अंतर वाढवता येतं, आणि अंतर वाढलं की वेळ आपोआप वाढतो. १५ वरून शून्यावर येताना वेग एकसारखा कमी झाला असं धरलं तर सरासरी वेग ७.५. बोनेट ६० सेंमी चेपलं तर केबिनला थांबायला ०.६ भागिले ७.५, म्हणजे ०.०८ सेकंद मिळतात, ८० मिलिसेकंद. बोनेट एकदम कडक असतं आणि २० सेंमीच चेपलं असतं तर जेमतेम २७ मिलिसेकंद. तो जो पापड झालेला दिसतो ना, तो म्हणजे विकत घेतलेला वेळ आहे, पत्र्याचा हलकेपणा नाही. मर्सिडीजच्या बेला बारेनीने १९५१ मध्ये याच कल्पनेच्या पेटंटचा अर्ज केला होता, पुढचं आणि मागचं टोक मुद्दाम चेपणारं आणि मधली केबिन मुद्दाम कडक, आणि १९५९ मध्ये तशी गाडी रस्त्यावर आलीसुद्धा. मधली केबिन कडक हा भाग लोक विसरतात. केबिनही चेपली तर वेळ मिळेल खरा, पण माणसाला बसायला जागा उरणार नाही.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. खरी गंमत पुढे आहे, कारण हे ८० मिलिसेकंद गाडीला मिळाले, माणसाला नाही.

समजा त्या माणसाने बेल्ट लावलेला नाही आणि एअरबॅगही नाही. छाती आणि स्टिअरिंग यात ५० सेंमी अंतर. बोनेट चेपायला लागतं, गाडीचा वेग उतरायला लागतो, पण माणसाला हे कोणी सांगितलेलंच नाही, तो १५ मीटर प्रति सेकंदानेच पुढे चाललाय, त्याला धरणारं काही नाही (सीटचं घर्षण सोडून द्या, ते किरकोळ). गाडी त्याच्या मागे पडत जाते आणि साधारण ७३ मिलिसेकंदांनी ते ५० सेंमी अंतर संपतं. त्यावेळी गाडीचा वेग काय असतो? १.३ मीटर प्रति सेकंद. म्हणजे गाडी जवळजवळ थांबलेली आहे, बोनेटने आपलं काम जवळपास संपवलंय, आणि हा महाशय अजून पूर्ण वेगात, म्हणजे स्टिअरिंगच्या तुलनेत ताशी जवळपास ५० किमीने त्यावर येतोय. त्याला थांबायला आता किती जागा? बरगड्या आणि स्टिअरिंग वाकून धरा ५ सेंमी. त्या ५ सेंमीत साधारण ७ मिलिसेकंद जातात, आणि सरासरी बल येतं सुमारे १ लाख ३० हजार न्यूटन, १३ टनांच्या आसपास. हा हिशोब ढोबळ आहे, अख्खं शरीर एका ठोकळ्यासारखं थांबत नाही, छाती आधी, गुडघे वेगळे, डोकं त्यानंतर, पण एवढ्या मोठ्या आकड्यात तो ढोबळपणा काही वाचवत नाही. ६० सेंमीचं उत्तम बोनेट होतं आणि माणसाला त्यातलं काहीही मिळालं नाही.

म्हणजे मुद्दाम चेपणारं बोनेट, ज्याला क्रम्पल झोन म्हणतात, आणि एअरबॅग या एकाच कामाच्या दोन वस्तू नाहीत, लोक धरतात तसं. बोनेट गाडीचा थांबायचा वेळ वाढवतं. बेल्ट त्या वेळेत माणसाला सामील करून घेतो, गाडीला बांधून, म्हणजे वेग पहिल्या क्षणापासून दोघांचा सोबतच उतरायला लागतो. आणि बेल्टने छाती धरली तरी डोकं मोकळंच असतं, मानेवरून पुढे झुलत येतं, त्याला पकडायला एअरबॅग. बेल्टचं ताणणं आणि बॅगेचं दबणं मिळून माणसाला केबिनच्या आत आणखी ३० सेंमी मिळाले असं धरा, तर एकूण अंतर ९० सेंमी, वेळ ०.१२ सेकंद, सरासरी बल ८,७५० न्यूटन. दोन्ही अंतरं अशी पूर्ण हाती लागणं ही आदर्श परिस्थिती झाली, पण इंजिनिअर तिकडेच ढकलत असतात. संवेगातला बदल दोन्हीकडे तोच १०५०, आणि बल १३ टनांवरून एक टनाच्या खाली. बेल्ट नको पण एअरबॅग आहे ना, असं म्हणणाऱ्यांनी बॅगेवर लिहिलेलं एसआरएस बघावं, त्यातला पहिला एस 'सप्लिमेंटल'चा, म्हणजे बॅग पुरवणी आहे, मुख्य पेपर बेल्टचाच.

बॅगेचं टायमिंगही याच हिशोबात बसतं. सेन्सरने ठरवायचं की हा खड्डा नाही, अपघात आहे, मग गॅस तयार व्हायचा, बॅग भरायची, हे सगळं आदळल्यापासून साधारण ५० मिलिसेकंदांत उरकावं लागतं. तेवढ्यात बेल्ट नसलेला माणूस केबिनमध्ये २३ सेंमी पुढे सरकलेला असतो. म्हणजे तो आधीच स्टिअरिंगला चिकटून बसत असेल तर त्याची गाठ भरलेल्या बॅगेशी पडत नाही, फुगत असलेल्या बॅगेशी पडते, आणि ती तर प्रचंड वेगाने त्याच्याच दिशेने येत असते. तिथे बॅग वेळ वाढवत नाही, उलट स्वतःच ठोसा मारते. स्टिअरिंगच्या मध्यापासून छाती किमान २५ सेंमी लांब ठेवा असं सांगतात ते यासाठी, आणि मागे तोंड करून बसवायची बेबी सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नसते तेही यासाठीच.

आता एक बारकावा, जो मला स्वतःला फार आवडतो. सुरुवातीला म्हटलं की बदल १०५० ठरलेला. हे खरं कधी? माणूस थांबला आणि तिथेच राहिला तर. तो चेंडूसारखा उसळून ३ मीटर प्रति सेकंदाने मागे फेकला गेला तर वेगातला बदल १५ चा नाही, १८ चा झाला, म्हणजे संवेगातला बदल १२६०, बिलच वाढलं. म्हणून एअरबॅग फुग्यासारखी बंद नसते, तिच्या मागच्या बाजूला भोकं असतात, डोकं आत शिरलं की गॅस त्यातून निघून जातो आणि बॅग ढेपाळते. अपघातानंतरच्या फोटोत बॅग लोंबकळलेली दिसते ती फाटली म्हणून नाही. ती घट्ट फुगलेलीच राहिली असती तर डोकं उसळून मागे सीटवर गेलं असतं.

बुल गार्डचंही इथेच सांगतो. पुढे चेसिसला बोल्ट केलेला जाड लोखंडी पाइप दिसायला दणकट वाटतो, पण तो टक्कर थेट चेसिसला पोचवतो, बोनेट ठरवल्याप्रमाणे चेपायच्या आधी, म्हणजे पैसे देऊन अंतर कमी करून घेणं झालं. वर सेन्सरला झटका जसा मिळायला हवा तसा मिळत नाही आणि बॅगेचं टायमिंग बिघडू शकतं. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं होतं, तरी हायवेला उभं राहून बघा किती गाड्यांना आहे.

सरासरी हा शब्दही नीट घ्या. ८,७५० हे सरासरी आहे, मधला एखादा क्षण याच्या दुप्पटही असू शकतो, आणि बरगडी सरासरीने मोडत नाही, त्या एका क्षणाने मोडते. बल आणि वेळ यांचा आलेख काढला तर त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे तो १०५०, ते बदलत नाही, बुटका आणि पसरट डोंगर करायचा की उंच सुळका एवढंच हातात आहे. चांगल्या गाडीत बेल्टला लोड लिमिटर असतो तो यासाठी, ठरावीक बलानंतर पट्टा थोडा सैल सोडतो म्हणजे सुळका कापला जातो.

आणि या सगळ्याची मर्यादा वेगात आहे. ५४ चे १०८ केलेत तर संवेग दुप्पट, २१००. पण बोनेट तेवढंच, केबिनमधली जागा तेवढीच, अंतर तेच ९० सेंमी, आणि ते दुप्पट वेगाने पार होतं म्हणून वेळ निम्मा, ०.०६ सेकंद. दुप्पट भागिले निम्मा म्हणजे चौपट, ३५,००० न्यूटन. तेही बोनेटने तेवढं बल झेललं तर, नाहीतर ६० सेंमी संपतात, वेग अजून शिल्लक असतो, आणि मग चेपायला केबिन लागते. गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या भारत एनसीएपीची समोरून टकरीची टेस्ट ताशी ६४ किमीला होते, स्टार मिळतात ते त्या वेगाचे.