अष्टकोनी फ्रेम आणि ‘दोन पट्ट्या वजा’

पंचवटीतल्या एका फ्रेमच्या दुकानात गिऱ्हाइकाला दारावर लावायला अष्टकोनी आरसा हवा होता. म्हणे, त्याने वाईट ऊर्जा परत जाते. आरसा परतवतो तो फक्त प्रकाश, मग तो चौकोनी असो की अष्टकोनी. पण अष्टकोनामुळे कारागिराची पंचाईत मात्र खरीच झाली.

चौकोनी फ्रेमचं गणित सोपं आहे: बाहेरच्या मापातून पट्टीची रुंदी दोनदा वजा केली की आतलं माप मिळतं. हाच नियम त्याने इथेही लावला. पण हा नियम चालतो तो ४५ अंशांचा टॅन नेमका १ असतो म्हणून.

कोपऱ्यातला काप बाहेरच्या टोकापासून आतल्या टोकापर्यंत तिरका जातो आणि कोपऱ्याचा कोन निम्मा करतो. आतल्या टोकापासून बाहेरच्या कडेवर लंब टाका. एक काटकोन त्रिकोण तयार होतो. त्याची उंची म्हणजे पट्टीची रुंदी, आणि पाया म्हणजे आतली कड त्या टोकाला जितकी आखूड होते तेवढी लांबी. म्हणून:

आतली कड = बाहेरची कड − २ × रुंदी × टॅन(कापाचा कोन)

कापाचा कोन सरळ आडव्या कापापासून मोजायचा. कटिंग मशिनवर सरळ काप ० दाखवतो. अष्टकोनाचा कोपरा १३५ अंशांचा, त्याचा निम्मा ६७.५, म्हणून मशिन ९० − ६७.५ = २२.५ अंशांवर लावायचं.

आता फ्रेम एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत बाहेरून ४०० मिमी आणि पट्टी ३० मिमी रुंद धरू. २२.५ चा टॅन ०.४१४२. बाहेरची प्रत्येक कड ४०० × ०.४१४२, म्हणजे १६५.७ मिमी. प्रत्येक टोकाला १२.४ मिमी घट, म्हणून आतली कड १४०.८. ताळा पाहा: आतून आरपार माप ३४० मिमी, आणि ३४० × ०.४१४२ केलं तरी १४०.८ च येतात. ‘दोन पट्ट्या वजा’ केल्यावर १०५.७ आले असते, तब्बल ३५ मिमी कमी! आतल्या कडेला खूण करून कापणाऱ्याची सगळी पट्टी वाया.

काचेची खाच आतल्या बाजूला असल्याने पट्टी उलटी करून कापता येत नाही. दोन तुकड्यांमधला त्रिकोण टाकूनच द्यावा लागतो. लांब पट्टी विकत घेताना बाहेरच्या कडा मोजायच्या, आठ गुणिले १६५.७, आणि वर करवतीच्या पात्याची जाडी धरायची.

कोन चुकला तर? अष्टकोनात सोळा काप असतात. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला तर प्रत्येक सांधा एक अंशाने चुकतो. पट्टा आवळून जोडली तर प्रत्येक सांध्यात अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट दिसते. सात सांधे घट्ट मिळवत गेलात तर आठवा जुळतच नाही. फट आतल्या बाजूला उघडी असेल तर मशिन २२.५ च्या पुढे गेलंय, बाहेरच्या बाजूला असेल तर मागे राहिलंय. मात्र मशिनला हात लावण्याआधी आठही तुकडे उभे करून शेजारी ठेवा. एखादा आखूड निघाला तर दोष कोनाचा नाही, लांबीचा आहे.