रिकव्हरीच उठत नाही तेव्हा: मॅकला दुसऱ्या मॅकची गरज कशी पडू लागली

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस काही १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो अपडेटनंतर सुरू व्हायचे, पण पडदा काळाच राहायचा. पॉवर बटण दाबून धरलं की रिकव्हरी, म्हणजे मॅक दुरुस्त करण्यासाठी वेगळी ठेवलेली छोटी सिस्टिम येते, हे अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे, म्हणजे अ‍ॅपल सिलिकॉनचे मॅक वापरणाऱ्यांना एव्हाना पाठ झालं होतं. या मशीनवर तीही अंधारातच उघडत होती. मशीन मेलेलं नव्हतं, पण घरातली कुठलीही युक्ती त्याला उठवू शकत नव्हती. दुसरा मॅक, यूएसबी-सीची एक साधी केबल आणि डीएफयू नावाची अवस्था, एवढाच मार्ग उरला होता. ही वेळ का आली हे कळायला रिकव्हरी आजवर कुठे कुठे राहिली ते पाहावं लागतं.

आधी ती डब्यात असायची. मॅकसोबत करड्या रंगाच्या डीव्हीडी यायच्या. काही बिघडलं की डीव्हीडी घालायची, C दाबून मशीन सुरू करायचं. जानेवारी २००८ मध्ये पहिला मॅकबुक एअर डीव्हीडी ड्राइव्हविना आला, तेव्हा शेजारच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह नेटवर्कवरून उसना घेण्याची सोय द्यावी लागली. म्हणजे दुरुस्तीसाठी दुसऱ्या मशीनचा हात धरणं तेव्हाही होतंच. २०१० च्या एअरसोबत डीव्हीडीच्या जागी छोटी यूएसबी काडी आली. जुलै २०११ मध्ये लायन नावाचं मॅकचं नवं सिस्टिम सॉफ्टवेअर आलं ते मुळात अ‍ॅप स्टोअरवरून. त्याने रिकव्हरी डिस्कवरच्या एका लपलेल्या पार्टिशनमध्ये ठेवली. डिस्कच गेली तर ते पार्टिशनही जाणार, म्हणून त्याच सुमाराच्या नव्या मशीनमध्ये इंटरनेट रिकव्हरी आली. तिचा कोड बोर्डावरच्या चिपमध्ये, यंत्रासोबतच येणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये म्हणजे फर्मवेअरमध्ये होता. डिस्क पूर्ण कोरी असली तरी मॅक स्वतःच वाय-फायला जोडून अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून रिकव्हरी आणायचा.

इंटेल मॅकचा काळ दुरुस्ती करणाऱ्यांना आजही प्रिय आहे तो यामुळेच. त्याच फर्मवेअरमध्ये टार्गेट डिस्क मोडही होता. T दाबून सुरू केलं की मॅक दुसऱ्या मॅकला बाहेरच्या डिस्कसारखा दिसायचा. सिस्टिम कितीही बिघडलेली असो, फायली आधी बाहेर काढता यायच्या.

आयफोन २००७ पासून वेगळ्याच रीतीने चालत आला. त्याच्या प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेला एक लहानसा कोड असतो, त्याला बूट रॉम म्हणतात. तो बदलता येत नाही आणि बिघडतही नाही. पुढचा टप्पा सापडला नाही किंवा त्यावरची अ‍ॅपलची सही जुळली नाही, तर तो यूएसबीवर कान लावून बसतो. ही अवस्था म्हणजे डीएफयू, डिव्हाइस फर्मवेअर अपडेट. फोन स्वतः काहीच करू शकत नाही. केबलच्या दुसऱ्या टोकाचा कॉम्प्युटर त्याला एकेक तुकडा भरवतो आणि प्रत्येक तुकड्याची सही तपासूनच तो गिळतो.

ही रीत मॅकमध्ये शिरली ती मागच्या दाराने. डिसेंबर २०१७ च्या आयमॅक प्रोमध्ये अ‍ॅपलची स्वतःची टी२ चिप आली. मुख्य प्रोसेसर इंटेलचाच होता, पण सुरू होण्याची किल्ली टी२कडे गेली. टी२चं फर्मवेअर अपडेटच्या मध्येच वीज गेल्याने अर्धवट राहिलं, तर इंटेलची इंटरनेट रिकव्हरीही उठत नसे. दुसऱ्या मॅकवर अ‍ॅपल कॉन्फिग्युरेटर हे अ‍ॅप उघडून केबलने टी२ला नवं फर्मवेअर द्यावं लागे.

नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकसाठी अ‍ॅपलचा स्वतःचा प्रोसेसर एम१ आला आणि मागचं दार पुढचं झालं. सुरुवातीची साखळी आता अशी आहे: चिपमधला बूट रॉम, मग बोर्डावरच्या छोट्या फ्लॅशमधला पहिला बूटलोडर, म्हणजे पुढचा टप्पा सुरू करून देणारा कोड, मग एसएसडीवरचा दुसरा बूटलोडर, आणि शेवटी मॅकओएस किंवा रिकव्हरी. रिकव्हरी पुन्हा एसएसडीवर आली. इंटरनेटवरून सगळं ओढून आणणारा फर्मवेअरमधला कोड गेला. टार्गेट डिस्क मोडही गेला. त्याच्या जागी आलेलं डिस्क शेअर करण्याचं साधन रिकव्हरीच्या आत बसलं. माझ्या मते या बदलातली सगळ्यात जड किंमत हीच आहे: रिकव्हरी पडली की फायली बाहेर काढायचा मार्गही तिच्यासोबत पडतो.

पहिल्याच आठवड्यांत याची चव कळली. नवा एम१ मॅक घरी आणून, सोबतची सिस्टिम अपडेट न करताच काहींनी डिस्क पुसली आणि रिकव्हरीतून मॅकओएस पुन्हा टाकायला घेतलं. पडद्यावर आलं: `Failed to personalize the software update. Please try again.` हा संदेश त्या चिपपुरती अ‍ॅपलची सही मिळाली नाही असं सांगतो. अ‍ॅपलने त्यावर जे उपाय दिले, त्यांत दुसऱ्या मॅकवरून केबलने रिस्टोअर करणं हाही होता. तेव्हा रिकव्हरी निदान उघडत तरी होती.

२०२३ चा गोंधळ अधिक खोल होता आणि तो समजून घेण्यासारखा आहे. त्याची उकल अ‍ॅपल सिलिकॉनवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पाच्या लोकांनी जाहीर मांडली. एका मशीनवर दोन मॅकओएस असू शकतात आणि मॅकओएस मॉन्टेरेपासून प्रत्येकाची रिकव्हरी त्याच्या शेजारीच राहते. याशिवाय वेगळ्या पार्टिशनमध्ये एक राखीव रिकव्हरी असते. फर्मवेअर मात्र साऱ्या मशीनला मिळून एकच, आणि ते नेहमी पुढच्याच आवृत्तीकडे जातं. २०२३ चं मॅकओएस सोनोमा टाकलं की फर्मवेअर नवं होतं, पण राखीव रिकव्हरी एक पाऊल मागे राहते. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण ज्यांनी पडद्याचा रिफ्रेश रेट आपोआप बदलणाऱ्या प्रोमोशनवरून काढून ६० हर्ट्झसारख्या ठराविक आकड्यावर ठेवला होता, त्यांच्याकडे नवं फर्मवेअर पडदा ज्या स्थितीत सोपवत होतं ती जुन्या सिस्टिमला हाताळताच येत नव्हती. जुनं मॅकओएस काळं, त्याची रिकव्हरी काळी, राखीव रिकव्हरीही काळी. सोनोमाच्या आधीच्या व्हेंचुरा १३.६ वर तर दुसरी सिस्टिम नसतानाही हे घडत होतं. उरला तो बूट रॉम, कारण त्याला पडद्याशी काही देणंघेणं नसतं.

आता प्रत्यक्ष कृती. असा मॅक समोर आला तर आधी राखीव रिकव्हरी मागून पाहावी: बंद मशीनचं पॉवर बटण एकदा दाबून सोडायचं आणि लगेच पुन्हा दाबून धरायचं. तीही आली नाही, किंवा पडद्यावर वर्तुळातलं उद्गारचिन्ह दिसलं, तर केबल काढायची.

मदतनीस मॅकवर सोनोमा किंवा त्यापुढची सिस्टिम असेल तर फाइंडर पुरतो. जुन्या सिस्टिमवर अ‍ॅपल कॉन्फिग्युरेटर फुकट मिळतो. मदतनीस इंटेलचा असला तरी चालतो. केबल वीज आणि डेटा दोन्ही नेणारी यूएसबी-सी हवी. थंडरबोल्ट ३ ची केबल नको, असं अ‍ॅपल स्पष्ट सांगतं. मॅगसेफच्या केबलचा इथे उपयोग नाही. बिघडलेल्या मॅकवर कुठलंही पोर्ट चालत नाही, डीएफयूसाठी एकच ठरलेलं असतं. बहुतेक लॅपटॉपवर ते डाव्या बाजूचं, पडद्याच्या बिजागरीला सर्वांत जवळचं यूएसबी-सी पोर्ट. काही नव्या मॉडेलवर आणि डेस्कटॉपवर ते वेगळं आहे, म्हणून मॉडेलनुसार पाहूनच जोडावं. मदतनीसाला काहीच दिसत नाही तेव्हा मी आधी पोर्टवर संशय घेतो, मग केबलवर, आणि शेवटी मशीनवर.

लॅपटॉप पूर्ण बंद करायचा. मग पॉवर बटण, डावं कंट्रोल, डावं ऑप्शन आणि उजवं शिफ्ट अशी चारही एकत्र साधारण दहा सेकंद धरायची. त्यानंतर तीन कळा सोडायच्या, पॉवर मात्र मदतनीसावर डीएफयूची खिडकी दिसेपर्यंत दाबूनच ठेवायचं. मॅक मिनीसारख्या डेस्कटॉपवर वीज काढायची, दहा सेकंद थांबायचं, आणि पॉवर बटण दाबून धरूनच वीज पुन्हा जोडायची. वेळ साधायला दोनतीन प्रयत्न लागतात, त्याने बिघडत काही नाही. अ‍ॅपलचं चिन्ह उमटलं तर वेळ चुकली, मॅक नेहमीसारखाच सुरू झाला. डीएफयू साधला तर पडदा पूर्ण काळा राहतो. खातरजमा मदतनीसावर होते:

```
ioreg -p IOUSB | grep DFU
```

यात `Apple Mobile Device (DFU Mode)` अशी ओळ आली की केबल बोलते आहे. बोटांची ही कसरत टाळायला असाहीच्या लोकांनी `macvdmtool` लिहिलं. मदतनीसही अ‍ॅपल सिलिकॉनचा असेल आणि दोन्हीकडे डीएफयूचंच पोर्ट जोडलं असेल, तर `sudo macvdmtool dfu` एवढ्याने समोरचा मॅक त्या अवस्थेत जातो.

आता खिडकीत दोन बटणं दिसतात, आणि इथे घाई करू नये. `Revive Mac` फर्मवेअर आणि राखीव रिकव्हरी नव्याने लिहितं, तुमच्या फायलींना हात लावत नाही. `Restore Mac` सगळं पुसतं. आतल्या साठ्याच्या किल्ल्याच नष्ट होतात, त्यामुळे नंतर कुठल्याही प्रयोगशाळेला त्या फायली वाचता येत नाहीत. २०२३ च्या काळ्या पडद्यांना रिव्हाइव्ह पुरेसं होतं, कारण मुळात फर्मवेअर आणि राखीव रिकव्हरी यांचा मेळ तुटला होता आणि रिव्हाइव्ह नेमक्या या दोन्ही गोष्टी एकाच आवृत्तीच्या करतं. दुरुस्तीला मशीन देतानाही ‘आधी रिव्हाइव्ह करून पाहा, मला विचारल्याशिवाय रिस्टोअर नको’ असं लेखी द्यावं, हा माझा आग्रह आहे.

बटण दाबल्यावर मदतनीस अनेक जीबींची आयपीएसडब्ल्यू, म्हणजे सिस्टिम आणि फर्मवेअरची फाइल उतरवतो, त्या चिपचा क्रमांक अ‍ॅपलच्या सर्व्हरला कळवतो आणि फक्त त्याच मशीनला चालेल अशी सही आणतो. म्हणून फाइल आधीच हाताशी असली तरी नेट लागतंच, आणि कार्यालयातल्या कडक फायरवॉलमागे हे काम इथेच अडतं. मग बूटलोडर केबलवरून थेट मेमरीत जातो, त्यामागून एक छोटी सिस्टिम जाते आणि ती एसएसडीवर लिहू लागते. मध्ये अ‍ॅपलचं चिन्ह येतं आणि जातं. त्या वेळी केबलला हात लावायचा नाही, मदतनीस झोपी जाऊ द्यायचा नाही.

रिव्हाइव्ह पुन्हा पुन्हा मध्येच तुटलं तर दुसरी केबल आणि दुसरा मदतनीस वापरून पाहावा. तरीही जमलं नाही तर रिस्टोअरच उरतं. तेही दर वेळी त्याच टप्प्यावर थांबत असेल, तर दोष बहुधा एसएसडीच्या चिपमध्ये किंवा बोर्डावर आहे, आणि तो केबलने सुटत नाही. रिस्टोअर यशस्वी झालं तरी अ‍ॅक्टिव्हेशन लॉक तसाच राहतो. जुन्या मालकाच्या अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड नसेल, तर हाती येतं ते ‘हॅलो’ म्हणणारं आणि तिथेच अडलेलं मशीन.