तिखट लागल्यावर पाणी का पुरत नाही आणि तोंडाची आग खरोखर कशाने शमते

(कांदा-लसूण मसाला व ठेचा घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या मसाल्याची तर्री झणझणीत होते आणि ती तशीच व्हावी, अशी आमची इच्छा असते. तरीही घरात कोणाला तिखट सोसले नाही, तर नेमके काय करावे हे त्याच घरात ठाऊक असले पाहिजे, कारण अशा वेळी बहुतेकांचा हात आधी पाण्याच्या तांब्याकडे जातो आणि तो उपाय सर्वांत कमी कामाचा आहे.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन आणि त्याच्यासारख्या काही द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये मिरचीच्या आतल्या पांढुरक्या गाभ्यात तयार होतात. बिया त्या गाभ्याला चिकटलेल्या असल्यामुळे त्याही तिखट लागतात, मात्र तिखटपणा मूळ त्यांचा नसतो. जिभेच्या आणि तोंडाच्या अस्तराखाली असलेल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचे एक प्रथिन असते. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की ते जागे होते आणि मेंदूला भाजत असल्याचा संदेश पाठवते. कॅप्सेसिन याच प्रथिनाला जाऊन चिकटते, त्यामुळे तोंड प्रत्यक्षात भाजलेले नसतानाही भाजल्याची जाणीव होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखले आणि या संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता मिसळीचेच उदाहरण घेऊ. मसाला तेलात परतला की त्यातील कॅप्सेसिन तेलात उतरते, आणि म्हणून वाटीतील सर्वांत तिखट भाग म्हणजे वर तरंगणारी लाल तर्री असते. पहिल्याच घासाला ती जिभेवर, गालांच्या आतून आणि घशाच्या तोंडाशी पसरते. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे तेलकट कढईवर नुसते पाणी ओतावे तसा प्रकार होतो : पाणी वरून वाहून जाते आणि तेलाचा थर राहतो. गार पाण्याने बरे वाटते, हे मात्र खरे आहे. टीआरपीव्ही-१ उष्णतेलाही प्रतिसाद देत असल्याने जिभेचे तापमान उतरले की त्याचा जोर कमी होतो, परंतु घोट पोटात गेला, जीभ पुन्हा शरीराच्या तापमानाला आली, की जागच्या जागी राहिलेले कॅप्सेसिन आपले काम पुन्हा सुरू करते. एकामागून एक ग्लास रिकामे होतात, पोट तुडुंब भरते आणि जळजळ मात्र तेवढीच राहते. बर्फाचा खडाही असाच तात्पुरता दिलासा देतो.

या वेळी हाताशी साधे दूध असेल, तर तेच घ्यावे. दुधात केसिन नावाचे प्रथिन असते, आणि त्याचे तेलाशी जवळीक असलेले भाग कॅप्सेसिनला धरून ठेवतात. अशा प्रकारे पकडले गेलेले कॅप्सेसिन मज्जातंतूंपर्यंत पोहोचू शकत नाही आणि दुधाबरोबर तोंडातून निघून जाते. दुधाचा गुण केवळ सायीमुळे असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. स्निग्धांशाची मदत होतेच, पण प्रयोगांत साय काढलेले दूधही पूर्ण स्निग्धांशाच्या दुधाइतकेच उपयोगी ठरले आहे, म्हणून घरात कोणते दूध आहे याची चिंता करू नये.

दूध कसे घ्यावे, याला मात्र महत्त्व आहे. घोट गटकन गिळला तर केसिनला काम करायला वेळच मिळत नाही. प्रथम पावाचा कोरडा तुकडा, कटात न बुडवता, सावकाश चावून खावा. तो जिभेवरचे बरेचसे तेल टिपून घेतो. त्यानंतर गार दुधाचा मोठा घोट तोंडात घेऊन तो जिभेवरून व गालांच्या आतून अर्धा मिनिट खेळवावा आणि मग गिळावा किंवा थुंकून टाकावा. असे तीन-चार वेळा करावे. हे जितक्या लवकर कराल तितके चांगले, कारण अस्तरात आत मुरलेले कॅप्सेसिन दुधालाही काढता येत नाही. म्हणूनच दूध घेतल्यावरही थोडी चुरचुर मागे राहते. ती हळूहळू आपोआप ओसरते, आणि तिच्यासाठी आणखी काही शोधत बसू नये.

दह्यातही केसिन असते. मात्र ते वर साचलेल्या निवळीत थोडे आणि घट्ट भागात भरपूर असते, त्यामुळे घट्ट दही चमच्याने घेऊन जिभेवर फिरवावे. ताक पातळ केलेले असल्याने त्यात प्रथिन कमी उरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मसाला ताकात बहुधा हिरवी मिरची आणि आले वाटून घातलेले असते, आणि आल्यातील तिखट द्रव्येही टीआरपीव्ही-१ या प्रथिनाला डिवचतात. तेव्हा ताक घ्यायचेच असेल तर साधे आणि दाट घ्यावे. आंबट झालेले दही-ताक टाळलेले बरे, कारण आम्लानेही हे प्रथिन चेतवले जाते. लिंबाने तिखट मारले जाते हा समज याच कारणाने आम्हाला मान्य नाही. कॅप्सेसिन हे काही अल्कली नव्हे की आंबटाने ते निष्प्रभ व्हावे. स्वयंपाकघरातील कोणताही पदार्थ कॅप्सेसिन नष्ट करत नाही. आपण फक्त ते पकडून, विरघळवून किंवा टिपून तोंडातून काढून टाकू शकतो.

गोडाचा प्रकार थोडा वेगळा आहे. साखर कॅप्सेसिनला धरत नाही, पण गोड चवीमुळे जळजळीची तीव्रता कमी जाणवते, म्हणून चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा जिभेवर विरघळू देणे चांगले. दूध, साखर आणि गारवा हे तिन्ही एकत्र हवे असतील तर आपल्या पुण्याची मस्तानी त्यात चपखल बसते. दूध चालत नसेल त्यांनी तूप-भात सावकाश चावून खावा, किंवा नारळाचे घट्ट दूध घ्यावे. त्यात केसिन नसते, परंतु स्निग्धांशात कॅप्सेसिन विरघळते. बिअर मात्र कामाची नाही. तिच्यातील अल्कोहोल कॅप्सेसिन विरघळवण्यास अपुरे असते, आणि शिवाय अल्कोहोलमुळे टीआरपीव्ही-१ कमी तापमानालाच जागे होऊ लागते. गरम चहानेही आग वाढते, ती याच प्रथिनाला उष्णता मिळाल्यामुळे.

ठेचा कुटताना किंवा मिरच्या चिरताना हात चुरचुरले, तर आधी हातांना खाण्याचे तेल चोळावे, ते कागदाने पुसून घ्यावे आणि मग भांडी घासण्याच्या साबणाने हात धुवावेत. डोळ्यांचा नियम याहून वेगळा आहे. डोळ्यांत दूध किंवा तेल घालू नये. हात स्वच्छ धुवून, लेन्स असतील तर काढून, स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटे सोडावी आणि त्यानंतरही आग थांबली नाही किंवा दिसण्यात फरक पडला तर डॉक्टरांकडे जावे. एक वर्षाखालील बाळाने चुकून तिखट खाल्ले तर त्याला मध चाटवू नये. तिखट खाल्ल्यावर ओठ किंवा घसा सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा श्वास लागणे हा तिखटपणाचा परिणाम नसून ॲलर्जी असू शकते. अशा वेळी दुधाची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे, आणि सोबत मसाल्याचे पाकीट न्यावे, म्हणजे त्यावरील घटकांची यादी डॉक्टरांना पाहता येईल.