चालचक्र रील व अर्जपत्र

गेम स्टुडिओत कनिष्ठ अ‍ॅनिमेटरच्या जागेसाठी उमेदवार जे पत्र पाठवतो, त्यासोबत चालणे, पळणे, दबकत जाणे अशा पुन्हापुन्हा फिरणाऱ्या हालचालींची छोटी चित्रफीत, म्हणजे रील, जोडलेली असते. या हालचालींना चालचक्रे म्हणतात.

चालचक्राचा उगम सामान्यतः एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात घेतलेल्या धावत्या घोड्याच्या छायाचित्रांशी जोडला जातो. मात्र शेवटचे चित्र पुन्हा पहिल्याला येऊन मिळण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. १८३२ च्या सुमारास बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ प्लातो आणि ऑस्ट्रियाचे गणिती श्टाम्फर यांनी स्वतंत्रपणे बनवलेल्या, कडेने चित्रे काढलेल्या फिरत्या चकतीवर ती दिसते. तेव्हा चक्राचे श्रेय चकतीला आणि चालीचे मायब्रिजला देणे अधिक सयुक्तिक वाटते. घोडा भरधाव असताना चारही खूर जमिनीपासून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, हे त्या छायाचित्रांतून स्पष्ट झाले. त्याआधीचे चित्रकार त्या क्षणी पाय पुढे-मागे ताणलेले दाखवत. नवशिक्याच्या रीलमध्ये ही जुनी चूक आजही आढळते.

गेममध्ये पात्र किती वेगाने सरकेल हे अनेकदा प्रोग्रामच ठरवतो. अशा वेळी चक्र जागच्या जागी चालणारे असते आणि त्याचा स्वतःचा वेग पत्रात लिहिलेला असणे उपयोगी पडते. समजा, सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशेबाने एक चक्र ३० फ्रेमचे आहे आणि त्यात ७० सेंमीची दोन पावले पडतात. म्हणजे चक्राचा वेग सेकंदाला १.४ मीटर झाला. गेम इंजिनात वेग सेकंदाला २ मीटर ठेवून चक्र तसेच चालवले, तर पात्र दर सेकंदाला ६० सेंमी जास्त सरकते आणि टेकलेले पाऊल बर्फावरून घसरल्यासारखे दिसते. रीलमध्ये जमिनीवर चौकटी आखलेल्या असल्या की हा दोष लगेच नजरेत भरतो. कोऱ्या पार्श्वभूमीवर तो लपतो, म्हणून परीक्षक अशा पार्श्वभूमीकडे जरा संशयानेच पाहतो.

दुसरा दोष चक्राची दोन टोके जुळतात त्या सांध्याचा. फ्रेम ० आणि फ्रेम ३० यांतली स्थिती एकच ठेवावी लागते, पण चालवताना दोन्ही दाखवल्या तर तीच स्थिती लागोपाठ दोनदा येते आणि दर फेरीला बारीक अडखळ जाणवते. चक्र एकदाच दाखवले तर ती कळत नाही. चार-पाच फेऱ्यांनी कळते.

पत्राचा मजकूर त्यामुळे आटोपशीर असतो. ‘थकलेल्या हमालाची चाल, ३६ फ्रेम, जागच्या जागी, सांगाडा दुसऱ्याने बनवलेला, हालचाल सर्वस्वी माझी, मोशन कॅप्चर वापरलेले नाही’ अशी एक ओळ आवडीनिवडींच्या परिच्छेदापेक्षा जास्त सांगून जाते. सांगाडा, म्हणजे रिग, दुसऱ्याचा असणे कमीपणाचे मानत नाहीत; ते न सांगणे मात्र अंगाशी येते.