पार्श्वभूमी: जांभळ्या बंडीचा फोटो

भाचीने छत्रपती संभाजीनगरातल्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून उचललेले कपडे एकावर एक चढवून फोटो काढला आणि खाली घालायला दोन ओळी मागितल्या. तिची स्वतःची ओळ होती, "थ्रिफ्टेड लेअर्स, विंटेज ब्रोकेड जॅकेट". तीनशे रुपयांची ती जांभळी बंडी मी हातात घेतली आणि आतून उलटी केली. आत विणीच्या मागे रेशमासारखे धागे सुटे लोंबत होते, बोट फिरवलं तर पिसासारखे मऊ. ब्रोकेड म्हणून चालून गेलं असतं, पण आपल्याच शहरात विणल्या जाणाऱ्या या कापडाला स्वतःचं नाव आहे: हिमरू.

हिमरूचा ताणा, म्हणजे उभे धागे, सुती असतो आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, रेशमी. नक्षी जादा बाण्याने काढतात. जिथे फूल नाही तिथे तो धागा पाठीमागून मोकळा धावतो. तेच ते लोंबणारे धागे. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा विणकर इकडे आले, असं परंपरेने सांगतात. नावाचं मूळ फारसी 'हम-रूह', म्हणजे सारखा, असंही सांगतात. सारखा कशाला, तर किनखापाला. किनखापात सोन्याचांदीची जर, हिमरूत तिच्या जागी रेशीम आणि सूत. ही जर जाळून चांदी काढणारे लोक जुने भरजरी कपडे घेऊन जातात. हिमरूत त्यांना मिळण्यासारखं फारसं काही नाही. म्हणूनच तो जुन्या बाजारात अजून अंगावर घालण्याजोगा सापडतो, असं मला वाटतं.

"मावशी, मग मशरू लिहू का? ते नाव भारी वाटतं," भाची म्हणाली. नाही. मशरूत उलट असतं. रेशमाचा ताणा वर साटिनसारखा चकाकतो आणि सुती बाणा आतून अंगाला लागतो. पुरुषाने रेशीम अंगाला लावू नये असा धार्मिक संकेत होता, त्यातून काढलेली ही वाट. मशरू म्हणजे परवानगी असलेलं. त्याची पाठ साधी, सपाट सुती असते, तिथे असे धागे लोंबत नाहीत.

खरा धोका यंत्रमागावरच्या पॉलिस्टर नकलेचा. शिवणीच्या आतल्या दुमडीतून नक्षीचा एक धागा ओढून काढला आणि चिमट्यात धरून जाळला. रेशीम असतं तर जळक्या केसांचा वास आला असता, पॉलिस्टर असतं तर वितळून टणक मणी झाला असता. आला तो कागद जळल्याचा वास, उरली मऊ राख. म्हणजे रेयॉन किंवा सूत, आणि चकाकी बघता रेयॉनच. हिमरूत रेशमाच्या जागी रेयॉन आलं त्यालाही आता खूप वर्षं झाली. म्हणून ओळीत 'हिमरू' राहिलं आणि 'रेशमी' गेलं. भाचीचं तोंड जरा पडलं.

ही बंडी मुळात बंडी नव्हतीच. पुढच्या काठावर सात काजं, त्यातली वरची तीन धाग्याने बुजवलेली. गळा खोल कापलेला. खिशाच्या पट्टीवरची फुलं आजूबाजूच्या फुलांशी जुळत नाहीत. बगलेत रंग गडद, छातीवर विटलेला. बाह्या होत्या तोवर बगलेला ऊन लागलं नसणार. शेरवानी उसवून बेतलीय. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातले अंमलदार, वकील, मास्तर शेरवानी घालत. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं आणि हा पोशाख हळूहळू लग्नापुरता उरला. पेटीत पडलेल्या शेरवानीला कुणीतरी शिंप्याकडे नेलं असणार.

तिथून बाजारात कशी आली? बहुधा बोहारणीच्या बोचक्यातून. स्टीलच्या पातेल्यावर जुने कपडे घेणाऱ्या या बायका घरी नेऊन माल निवडतात. फाटकं गॅरेजात पुसायला जातं, धड असेल ते बटण लावून, इस्त्री करून विकायला येतं. आतल्या सदऱ्याला एक बटण पांढरं आणि बाकीची पिवळसर होती, त्यावरून तोही याच वाटेने आलेला.

फोटोत खांद्यावर घेतलेल्या घोंगडीवर मात्र आमचं भांडण झालं. भाची तिला 'वूलन थ्रो' म्हणत होती. मेंढीच्या काळ्या लोकरीची, टोचणारी, कडेला जाड दोऱ्याने ओवलेली ती घोंगडीच. शेवटी आतून बाहेर या क्रमाने ओळी ठरल्या:

"आत धुवट पांढरा सुती सदरा, एक बटण परकं. त्यावर निळ्या-करड्या चौकड्यांचा शर्ट, उघडा. त्यावर जांभळ्या हिमरूची बंडी, शेरवानी उसवून बेतलेली, सातातली तीन काजं बुजलेली. डाव्या खांद्यावर काळी घोंगडी. सगळं जुन्या बाजारातलं, घोंगडी आजोबांची."

शेवटचे दोन शब्द भाचीने घातले. मला ते आधी माहीतच नव्हतं.