जहाज रुतलं: रिफ्लोटची, म्हणजे जहाज परत तरंगतं करायची परवानगी मागायची तर पहिल्या तासात काय तयार पाहिजे

जहाज तळाला लागलं की तासाभरात कॅप्टनचा मेल येतो, "पुढच्या भरतीला स्वतःच्या इंजिनने निघतो, परवानगी द्या". आणि तो मेल परत जातो, कारण सोबत कागदच नसतात. कंपनी, जहाजाची मजबुती तपासून दाखला देणारे क्लासवाले, किनाऱ्यावरचं प्रशासन, सगळे तेच तीन प्रश्न विचारणार, टाक्यांत किती पाणी, भोवती किती खोल, सुटल्यावर जहाज तरंगेल का; त्यांच्यावर चिडून उपयोग नाही (चिडायला जागा मात्र भरपूर आहे, एकच फॉर्म चार ठिकाणी भरायला लावतात).

नेहमीची कामं एका दमात: इंजिन थांबवा, जनरल अलार्म, वॉटरटाइट दरवाजे बंद, प्रवासाची नोंद ठेवणारा व्हीडीआर सेव्ह, रुतलेल्या जहाजाचे दिवे किंवा दिवसा तीन काळे गोळे, आणि एमआरसीसी या समुद्री बचाव केंद्राला कळवा. चिखल-वाळू असेल तर इंजिनाचं समुद्राचं पाणी वरच्या सक्शनवर घ्या, नाहीतर गाळ आत जाईल.

आता जिथे अर्ज अडतो ते.

पहिला कागद म्हणजे सगळ्या टाक्यांचं साऊंडिंग, म्हणजे आतल्या पातळीचं मोजमाप, रुतण्याआधीचं आणि नंतरचं. "नंतरचं" सगळे पाठवतात. "आधीचं" कोणाकडे नसतं, कारण सकाळचं साऊंडिंग घेतलंच नव्हतं, कालचेच आकडे उतरवलेले असतात. मग अमुक टाकीत दोन मीटर पाणी आहे ते आत्ता शिरलं की आधीपासूनच होतं, हे किनाऱ्यावर बसलेल्याला कसं कळणार? आणखी एक, रुतल्यावर ट्रिम, म्हणजे जहाजाचा पुढे-मागे कल बदलतो आणि साऊंडिंग पाईप बहुतेक टाकीच्या मागच्या टोकाला असतो, त्यामुळे नाक वर उचललं गेलं की टाकी शाबूत असूनही आकडा वाढलेला दिसतो. करेक्शन लावूनच लिहा.

सगळ्यात फसवी म्हणजे आधीच काठोकाठ भरलेली डबल बॉटम टाकी, म्हणजे तळाच्या दोन थरांमधली. ती फाटली तरी रिकामी होत नाही, बाहेर समुद्र आहेच, "फुल" म्हणून टिक मारली जाते आणि फाटलेली टाकी यादीतून सुटते. ओळखायची खूण अशी की पाईपमधली पातळी बाहेरच्या समुद्राच्या पातळीला येऊन थांबते आणि भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी परत मोजा. रिकाम्या टाकीच्या एअर पाईपला हात लावून बघा, हवा जोरात बाहेर येत असेल तर आत पाणी चढतंय.

दुसरा कागद जहाजाभोवतीच्या पाण्याची खोली. हातातली लेड लाईन, म्हणजे शिशाचं वजन बांधलेली दोरी घेऊन दोन्ही बाजूंनी नाकापासून शेपटीपर्यंत मोजा, सोबत तळ खडक आहे की वाळू ते लिहा. नुसता चार्टचा फोटो पाठवू नका, चार्ट खरा असता तर तुम्ही रुतला नसता! आणि भरतीची वेळ नीट वाचा. भारतीय टाइड टेबल आयएसटीत, जहाजाचं रेकॉर्ड बऱ्याचदा यूटीसीत, साडेपाच तासांचा गोंधळ इथेच होतो. त्यात उधाणाची भरती नुकतीच होऊन गेली असेल आणि तुम्ही ऐन भरतीच्या माथ्यावर रुतला असाल तर पुढची भरती बहुधा त्याहून कमीच, म्हणजे मुदत पुढच्या भरतीची नाही, पुढच्या उधाणाची आहे.

तिसरा कागद स्टॅबिलिटीचा हिशेब, आणि पात्रता खरं तर इथेच ठरते: खडकाचा आधार काढला तर जहाज तरंगेल का? २४ मार्च १९८९ ला अलास्कात एक्सॉन व्हॅल्डेझ हे तेलवाहू जहाज मध्यरात्रीनंतर लगेच ब्लाय रीफवर चढलं, अकरापैकी आठ कार्गो टाक्या फाटल्या. चीफ मेटने कॉम्प्युटरवर हिशेब केला. पहिल्या वेळी उत्तर आलं की स्टॅबिलिटी चालेल पण सांगाड्यावरचा ताण मर्यादेबाहेर आहे. परत केला तेव्हा आलं की रीफचा आधार नसेल तर जहाज सुरक्षित राहणार नाही, आणि तसं त्याने कॅप्टनला सांगितलंही. तरी इंजिन पावणेदोनच्या आसपासपर्यंत चालूच होतं. जहाज सुटलं नाही हे नशीब. म्हणून हिशेबात फाटलेल्या टाक्या फाटलेल्या म्हणूनच धरा, लोडिंग कॉम्प्युटरमध्ये निघतानाची कंडिशन तशीच ठेवून प्रिंट काढलेले कागद येतात, ते बघताक्षणी परत जातात. जहाजावर डॅमेज स्टॅबिलिटी जमत नसेल तर क्लासच्या इमर्जन्सी सेवेला फोन करा, पण तेही तुमचेच साऊंडिंग मागणार.

लाटांनी जहाज आपटून फुटायला लागलं असेल किंवा माणसांच्या जीवाला धोका असेल तर कॅप्टनला कोणाच्या सहीसाठी थांबायची गरज नाही, निर्णय त्याचा. पण "धोका नाही, फक्त उशीर होतोय" हे कारण त्यात बसत नाही. परवानगी येईपर्यंत, टाक्या शाबूत असतील आणि हिशेबात बसत असेल तर त्यांत बॅलास्टचं पाणी भरून जहाज जागेवर दाबून ठेवता येतं, म्हणजे भरतीत हलून भोक मोठं होत नाही.

परवानगी आली तरी बहुधा टग उभा राहील या अटीवर येते. आणि जहाज सुटल्या सुटल्या सगळ्या टाक्या परत मोजायच्या, कारण खडकाने बुजवलेली भोकं तेव्हाच उघडी पडतात.