गरोदरपणातला फ्लू आणि फसवा ‘नॉर्मल’ रिपोर्ट

समजा, जुलैचा महिना आहे. आठवा महिना लागलेली सव्वीस वर्षांची एक बाई रात्री दवाखान्यात आली आहे. रविवारी तिचं डोहाळजेवण झालं. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि नाक गळणारी एक पाच वर्षांची भाची दिवसभर तिच्याच मांडीवर होती. मंगळवारी अंग मोडून आलं आणि ताप चढला. घरच्यांनी हळदीचं दूध दिलं, वाफ दिली, “पाऊस आहे, होणारच” म्हणाले. शुक्रवारी रात्री जिना चढताना तिला मध्येच बसावं लागलं.

डॉक्टरांनी धमनीतून रक्त घेऊन त्यातले वायू तपासले. कार्बन डायऑक्साइडचा दाब आला 40. प्रयोगशाळेच्या कागदावर 35 ते 45 ही मर्यादा छापलेली असते, त्यामुळे रिपोर्ट बघून नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी मात्र अतिदक्षता विभागात खाट आहे का, ते विचारायला फोन उचलला.

गरोदरपणात हा आकडा 40 असायलाच नको. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मेंदूतल्या श्वसनकेंद्राला सतत ढोसत असतं, त्यामुळे गरोदर बाईचा प्रत्येक श्वास नेहमीपेक्षा खोल जातो. जास्त हवा आतबाहेर झाली की कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, आणि धडधाकट गरोदर बाईत त्याचा दाब साधारण 28 ते 32 असतो. फ्लूमुळे न्यूमोनिया झाला की श्वास आणखी जलद होतो, म्हणजे हा आकडा आणखी खाली जायला हवा. तो वर चढून 40 वर आलाय याचा अर्थ एवढाच, की श्वास घेऊन घेऊन ती थकली आहे आणि स्नायू हात टेकायला लागलेत. छापील मर्यादा इतरांसाठीची असते, तिच्यासाठीची नाही.

एवढ्या तरुण बाईची ही गत का व्हावी? वाढतं गर्भाशय छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा सुमारे चार सेंटिमीटर वर ढकलतं. श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसांत जी हवा शिल्लक राहते, ती त्यामुळे साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. ही शिल्लक म्हणजे अडीअडचणीला लागणारी गंगाजळी. दुसरीकडे बाळ, वार आणि स्वतःचं वाढलेलं काम यांमुळे शरीराची ऑक्सिजनची मागणी सुमारे पाचव्या हिश्श्यानेच वाढलेली असते. हृदयही आधीच जादा पाळी करत असतं. घरात खर्च वाढलाय आणि शिल्लक कमी झालीय, अशा वेळी आलेलं आजारपण जसं महागात पडतं तसं हे आहे. न्यूमोनियाने फुप्फुसाचा थोडा भाग जरी निकामी केला तरी तिचा ऑक्सिजन इतरांपेक्षा लवकर घसरतो. आडवं झालं की पडदा आणखी वर सरकतो, म्हणून अशा रुग्ण “झोपलं की दम लागतो” असं सांगतात.

गरोदरपणात प्रतिकारशक्तीचाही तोल बदललेला असतो, पण तिथलं गणित गुंतागुंतीचं आहे. एकूण परिणाम 2009 च्या स्वाइन फ्लूत दिसला. अमेरिकेत गरोदर बायका लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का, पण त्या साथीतल्या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास होता.

बाळापर्यंत विषाणू सहसा पोचत नाही. त्याला झळ बसते ती आईच्या तापाची आणि घसरलेल्या ऑक्सिजनची, आणि त्यातून मुदतीआधी कळा सुरू होऊ शकतात. पहिल्या तीन महिन्यांत चढलेला जोराचा ताप बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला घातक ठरू शकतो, म्हणून गरोदरपणात ताप अंगावर काढायचा नसतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन असलेली गोळी घरात पडून आहे म्हणून घेऊ नये.

पण गरोदरपणात दम तर एरवीही लागतोच, मग ओळखायचं कसं? नेहमीचा दम आठवड्यांगणिक हळूहळू वाढतो, त्यासोबत ताप-खोकला नसतो आणि बसून बोलताना वाक्य तुटत नाही. दोन दिवसांत वाढलेला, तापासोबत आलेला, वाक्य अर्ध्यावर तोडणारा दम वेगळा. घरातल्या ऑक्सिमीटरवर आकडा 95 च्या खाली गेला, तर सकाळची ओपीडी उघडायची वाट बघायची नाही. तशी वेळ येण्याआधीही, गरोदर बाईला फ्लूसारखी लक्षणं दिसताच डॉक्टर घशाच्या स्वॅबच्या रिपोर्टसाठी न थांबता ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध सुरू करतात. पहिल्या 48 तासांत ते सर्वांत चांगलं काम करतं. आपल्या गोष्टीतल्या बाईचे ते तास हळदीच्या दुधात गेले.

लसीचं काम या सगळ्याच्या आधी येतं. गरोदरपणात दिली जाते ती दंडातली, मेलेल्या विषाणूची लस. तिच्यात जिवंत विषाणूच नसल्यामुळे तिने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणं, एखादा दिवस कणकण, एवढं होतं. नाकात फवारायची लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची असते, ती गरोदर बाईला देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये लसीकरणात गरोदर बायकांना सर्वांत वरचं स्थान द्यायला सांगितलं. महाराष्ट्रात 2015 पासून सरकारी दवाखान्यांत दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांसाठी ही लस मोफत सुरू झाली. तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल ओपीडीत आठवणीने सांगितलं जातं आणि फ्लूच्या लसीचा विषयच निघत नाही, असं पुष्कळदा होतं. आपणच विचारलेलं बरं.

ही लस चिलखत नव्हे. दक्षिण आफ्रिकेत दोन हजारांवर गरोदर बायकांवर झालेल्या चाचणीत, लस घेतलेल्यांना चाचणीने सिद्ध झालेला फ्लू निम्म्याने कमी झाला. त्यांच्या बाळांतही जवळपास तेवढीच घट दिसली, आणि मला तो भाग जास्त मोलाचा वाटतो. फ्लूची लस सहा महिन्यांखालच्या बाळाला देताच येत नाही. त्याला मिळतात त्या आईच्या रक्तातून वारेवाटे आलेल्या प्रतिपिंडांच्या तयार फौजा. मात्र ही शिदोरी संपत जाते. त्याच चाचणीतल्या बाळांना पहिले आठ आठवडे भक्कम संरक्षण होतं, नंतर ते झपाट्याने ओसरलं.

म्हणून वेळेला महत्त्व आहे. लस घेतल्यावर प्रतिपिंडं तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, आणि ती बाळाकडे सर्वांत जास्त जातात शेवटच्या तिमाहीत. पण आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, थंडी संपताना आणखी एक छोटी लाट येते, आणि विषाणू काही कोणाच्या तारखा बघून येत नाही. पाचव्या महिन्यातच जून उजाडला, तर सातव्याची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण आधी आईचं फुप्फुस वाचवायचं आहे. लस घेताना त्याच मोसमाची आहे ना, हे खोक्यावर वाचून घ्यावं. विषाणूचं रूप बदलतं तशी लसही दरवर्षी बदलते, त्यामुळे पहिल्या बाळंतपणात घेतलेली लस दुसऱ्या वेळी उपयोगाची नाही.

आणि डोहाळजेवणाला नाक गळणारी भाची आलीच, तर तिला मांडीवर घ्यायला घरात इतर माणसं असतात.